बॅटरी ३५ टक्के दाखवते तरी सकाळी घाटात गाडी बंद पडते: कारण आणि तपासणी

दर थंडीत हीच तक्रार घेऊन माणसं येतात. इलेक्ट्रिक स्कूटर, दोन-तीन वर्षं वापरलेली, डिस्प्लेवर ३५-४० टक्के चार्ज, आणि पहाटे चढाला लागली की झटका मारून बंद. किल्ली बंद करून परत चालू केली की डिस्प्ले पुन्हा तेवढेच टक्के दाखवतो, गाडी शे-दोनशे मीटर जाते, परत बंद. दुपारी त्याच रस्त्याला तेवढ्याच टक्क्यांवर आरामात चढते. मग कुणी म्हणतं मीटर खोटं दाखवतंय, कुणी म्हणतं कंट्रोलर गेलाय, आणि माणूस हजारो रुपये घालून कंट्रोलर बदलून येतो तरी पुढच्या रविवारी गाडी तिथंच उभी.

आत्ता डिसेंबरात आलेली एक केस घेऊनच सांगतो म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. हा माणूस जोतिबाला हार-नारळाचं दुकान लावतो, राहायला कोल्हापुरात, दर रविवारी पहाटे मागं पोती बांधून डोंगरावर जातो. शनिवारी गाडी गावातच फिरवलेली, रात्री साठ-पासष्ट टक्के होती म्हणून चार्जिंगला लावली नाही, आणि गाडी रात्रभर बोळात उघड्यावर. केर्ली फाटा सोडून घाटाला लागेपर्यंत ३५ टक्के उरलेली, आणि दुसऱ्या वळणावर गाडी बंद.

मला म्हणाला, "दादा, पस्तीस टक्के दाखवतीया अन् चढत नाही, मग ते पस्तीस टक्के गेले कुठं?"

ते पस्तीस टक्के आतच आहेत. डिस्प्लेवर दिसतो तो एसओसी, म्हणजे बॅटरीत एकूण किती चार्ज शिल्लक आहे. गाडी चढवायला लागते ती दुसरी गोष्ट, एसओपी, म्हणजे या क्षणाला, या तापमानाला, पुढची दहा सेकंद किंवा अर्धा मिनिट ही बॅटरी व्होल्टेज कटऑफच्या खाली न जाता किती पॉवर देऊ शकते. विहिरीला पाणी भरपूर आहे पण फुटव्हॉल्व्ह गाळानं चोक झालाय तर मोटार तेवढं पाणी ओढू शकत नाही, तसं हे आहे. महागड्या चारचाकीत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, हा एसओपीचा हिशोब आतल्या आत सतत करत असतो आणि त्याप्रमाणे मोटरची पॉवर हळूच कमी करतो, ड्रायव्हरला फक्त पिकअप कमी जाणवतो. बऱ्याच स्वस्त स्कूटरमध्ये असला हिशोबच नसतो, फक्त दोन कडेच्या मर्यादा असतात, इतक्या अँपिअरच्या वर नाही आणि इतक्या व्होल्टच्या खाली नाही, आणि व्होल्टची मर्यादा लागली की सरळ बंद.

आता या गाडीचा पॅक बघा. १४ सिरीजचा, म्हणजे चौदा सेल-ग्रुप एकामागं एक जोडलेला, एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलचा पॅक, ४० अँपिअर-अवर, फुल चार्जला ५८.८ व्होल्ट, कंट्रोलरचा कटऑफ ४२ व्होल्टला, म्हणजे सरासरी सेलमागं ३ व्होल्ट. करंटची मर्यादा ८० अँपिअर. तीस-पस्तीस टक्क्यांना गाडी शांत उभी असताना हा पॅक साधारण ४९.६ व्होल्ट दाखवतो. हे झालं चार्जचं व्होल्टेज. पण करंट ओढायला लागलं की आतला रेझिस्टन्स आडवा येतो आणि जितके अँपिअर तितका व्होल्ट खाली बसतो. म्हणून पॅक किती करंट देऊ शकेल हे काढायचं गणित एवढंच आहे:

```
I_max = (V_rest - V_min) / R
P_max = V_min * I_max
```

यात V_rest म्हणजे गाडी शांत असतानाचं व्होल्टेज, V_min म्हणजे कटऑफ आणि R म्हणजे आतला रेझिस्टन्स. वरच्या ओळीत टक्क्यांचा संबंध फक्त V_rest पुरता येतो. बाकी सगळा खेळ R चा, आणि हा R कधीच एक आकडा नसतो. थंडीत वाढतो, वयानं वाढतो, चार्ज खूप कमी झाला, विशेषतः २० टक्क्यांच्या खाली, की आणखी वाढतो, आणि लोड जितका वेळ टिकतो तितका तो जास्त वाटतो. कारण सेलमध्ये रेझिस्टन्सचे दोन-तीन प्रकार एकावर एक बसलेले असतात. धातूचा आणि इलेक्ट्रोलाइटचा रेझिस्टन्स करंट चालू झाल्या झाल्या दिसतो. लिथियमचे आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरून आत शिरायला जो अडथळा होतो तो थोड्या वेळानं दिसतो. आणि आतल्या कणांच्या पोटात लिथियम पसरायला वेळ लागतो, तो परिणाम मिनिटभर वाढतच राहतो. म्हणून सिग्नलवरनं दोन सेकंद जोरात काढलेली गाडी काही बोलत नाही, आणि घाटात अर्धा मिनिट सलग ओढली की बसते. एसओपीचा आकडा सांगताना किती सेकंदांसाठी हे सांगितलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मोजायचं कसं, तर त्यासाठी मोठं मशीन लागत नाही. बीएमएसला ब्लूटूथ असेल तर मोबाईलच्या अ‍ॅपवर पॅकचं व्होल्टेज, करंट, तापमान आणि प्रत्येक सेल-ग्रुपचं व्होल्टेज दिसतं. नसेल तर एक मल्टिमीटर आणि एक डीसी क्लॅम्प मीटर, पण क्लॅम्प डीसीचाच पाहिजे, एसीवाला इथं काही दाखवणार नाही. गाडी रात्रभर बाहेर ठेवायची, पहाटे निघायचं, आणि सारखा चढ असलेला रस्ता धरायचा, आम्ही टेंबलाईच्या चढाला करतो कारण त्या वेळेला तिथं गर्दी नसते. मोबाईल मागं बसणाऱ्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं अजिबात नाही. आधी करंट जवळजवळ नाही अशा वेळचं व्होल्टेज लिहायचं, मग एकाच करंटवर दहा सेकंद धरून त्या दहाव्या सेकंदाचं लिहायचं.

या गाडीला पहाटे पॅकचं तापमान १४ डिग्री होतं. २ अँपिअरला ४९.६ व्होल्ट, ५० अँपिअरला ४४.१ व्होल्ट. म्हणजे ४८ अँपिअरच्या फरकाला साडेपाच व्होल्ट पडले, रेझिस्टन्स आला ११५ मिलिओहम. दुपारी टक्के तेवढेच ठेवून, पॅक ३० डिग्रीच्या आसपास असताना परत तेच केलं, २ अँपिअरला ४९.६ आणि ५० अँपिअरला ४६.०, म्हणजे ७५ मिलिओहम. सोळा डिग्रीच्या फरकानं रेझिस्टन्स दीडपट. अशी बांधणी असलेला नवा पॅक गरम हवेत ४५ मिलिओहमच्या आसपास असतो, त्यामुळं यातलं वयाचं वाढलेलं किती आणि थंडीचं किती हे वेगवेगळं दिसतं, ४५ चे ७५ वयानं झाले आणि ७५ चे ११५ थंडीनं झाले.

आता वरच्या गणितात घाला. पॅक नवा आणि गरम असताना ४९.६ मधून ४२ गेले ७.६ व्होल्ट, भागिले ०.०४५, १६९ अँपिअर आले. म्हणजे व्होल्टेजची मर्यादा लागायच्या कितीतरी आधी ८० अँपिअरची मर्यादा लागते आणि मालकाला कधी काही कळतच नाही. पहिली दोन वर्षं ही गोष्ट यामुळंच झाकलेली राहते, बॅटरी झिजत असते पण झिजतं ते जादाचं असतं. तोच पॅक आज दुपारी १०१ अँपिअर देतो, अजून ८० च्या वरच, म्हणून दुपारी गाडी नव्यासारखीच चालते. आणि पहाटे? ७.६ भागिले ०.११५, ६६ अँपिअर. ४२ व्होल्टला ६६ अँपिअर म्हणजे २.८ किलोवॅट, त्याच्या वर एक वॅट नाही.

आणि घाटात लागतात किती? गाडी, माणूस आणि पोती धरून सव्वादोनशे किलो, चढ साधारण ८ टक्क्यांचा धरला, ताशी ३५ नं जायचं म्हटलं तर मोटर-कंट्रोलरचा लॉस धरून बॅटरीवर ३ किलोवॅटच्या जवळ लोड येतो. पॅककडं आहेत २.८. इथंच गाडी मरते. शिवाय मरते ती अचानक, कारण व्होल्टेज खाली जाईल तसा कंट्रोलर तेवढीच पॉवर काढायला आणखी करंट ओढतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी खाली, असं करत शेवटचे दोन-तीन व्होल्ट क्षणात जातात. मग लोड सुटला की व्होल्टेज परत ४८-४९ ला येतं, म्हणून चालू केली की डिस्प्ले बिनधास्त ३४ टक्के दाखवतो. तो खोटं बोलत नाही.

थंडीत असं का होतं याचं कारण साधं आहे, इलेक्ट्रोलाइटमधनं आयन हळू सरकतात आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरची देवाणघेवाण तर त्याहून जास्त मंदावते. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, खाली जाल तसा प्रत्येक डिग्रीचा फटका मोठा होत जातो. कोल्हापूरची थंडी काही फार नाही, १२-१४ डिग्रीला नवा पॅक हूं की चूं करत नाही, पण ज्याचं जादाचं आधीच संपलंय त्याला एवढी पण पुरते. वयाचं म्हणाल तर अ‍ॅनोडवरचा थर वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि इलेक्ट्रोलाइट खर्ची पडतो. आपल्याकडं हे काम थंडी करत नाही, उन्हाळा करतो. एप्रिल-मेमध्ये फुल चार्ज करून दिवसभर उन्हात लावलेली गाडी रेझिस्टन्स वाढवून घेते आणि त्याचं बिल डिसेंबरात येतं.

एक गोष्ट लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कपॅसिटी कमी होणं आणि रेझिस्टन्स वाढणं ही दोन वेगळी म्हातारपणं आहेत आणि ती बरोबरीनं येतीलच असं नाही. या माणसाची गाडी गावात सपाटीला अजून नव्याच्या जवळपास किलोमीटर देते, कारण सपाटीला १५-२० अँपिअरच लागतात आणि तेवढ्याला ११५ मिलिओहम पण चालून जातो. सर्व्हिस सेंटरला बॅटरी हेल्थ बघितली तर चांगली निघते, कारण तिथं बहुतेक वेळा कपॅसिटी मोजलेली असते, घाटातला करंट नाही. म्हणून "हेल्थ ९० टक्के आहे, बॅटरीत काही नाही" हे ऐकून परत येऊ नका, रेझिस्टन्स किती, कुठल्या तापमानाला आणि किती सेकंदांचा, हे विचारा.

आता पॅकवर खापर फोडायच्या आधी दोन गोष्टी तपासून घ्यायच्याच. पहिली म्हणजे चार्ज खरंच आहे का. गाडी बंद पडल्यावर अर्धा तास उभी करून व्होल्टेज बघा. १४ सिरीजच्या एनएमसीला ४९-५० व्होल्ट आले तर चार्ज आहे आणि वरचं सगळं लागू. ४६-४७ लाच राहिलं तर एसओसीच चुकीचा दाखवतोय, मग फुल चार्ज करून मीटर परत लाइनवर आणायचं काम आहे. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक असेल तर ही परीक्षा चालत नाही, कारण मधल्या पट्ट्यात त्याचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ३० टक्के आणि ६० टक्के यात ओळखू येण्याएवढा फरकच नाही. तिथं फुल चार्ज करून किती अँपिअर-अवर निघाले ते मोजूनच कळतं.

दुसरी गोष्ट वायर आणि कनेक्टर. वायरच्या टोकाचा लग ढिला असेल, कनेक्टर काळा पडला असेल तर तो पण व्होल्टेज खातो आणि लक्षण सेम दिसतं. याला पकडायची युक्ती अशी की लोडवर असताना बीएमएसमधल्या सगळ्या ग्रुपची बेरीज बघायची आणि त्याच वेळी कंट्रोलरच्या तोंडाशी मीटर लावून व्होल्टेज बघायचं. बेरीज ४४ आणि कंट्रोलरला ४३.७ असेल तर ठीक. बेरीज ४५.५ आणि कंट्रोलरला ४३ असेल तर अडीच व्होल्ट मधे कुठंतरी जातायत, आणि ६५ अँपिअरला अडीच व्होल्ट म्हणजे एका जागेवर दीडशे वॅटच्या वर उष्णता, तो कनेक्टर हाताला चटका देईल, प्लॅस्टिक वितळलेलं सापडेल. असला दोष थंडी-ऊन बघत नाही, दुपारी पण तसाच राहतो, त्यामुळं "सकाळी बंद, दुपारी चालू" असं असेल तर शंका आधी सेलवरच घ्यायची. आणि अ‍ॅपमध्ये ग्रुपची व्होल्टेज बघताना सरासरी बघू नका, सगळ्यात खालचा बघा. उभी असताना चौदाही ग्रुप एकसारखे आणि लोडवर एकच ग्रुप बाकीच्यांपेक्षा दोन-तीनशे मिलिव्होल्ट खाली जातोय तर पॅक म्हातारा नाही, तो एक ग्रुप आजारी आहे किंवा त्याचं वेल्डिंग सुटलंय. या गाडीत लोडवरचा जास्तीत जास्त फरक ४० मिलिव्होल्ट होता, म्हणजे सगळा पॅक सारखाच झिजलाय, उघडून दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मग इलाज काय केला. पहिलं, कंट्रोलरमध्ये बॅटरी करंटची मर्यादा ८० वरनं ४५ अँपिअरला आणली. घाटात ताशी ३५ ऐवजी २५ नं गेलं की लोड ३ वरनं २ किलोवॅटवर येतो, आणि २ किलोवॅटला हाच थंड पॅक ४४.४ व्होल्टवर उभा राहतो, कटऑफच्या जवळजवळ अडीच व्होल्ट वर. वेग दहानं कमी झाला पण गाडी वर पोचते. ज्यांच्या कंट्रोलरमध्ये सेटिंग उघडत नाही त्यांनी पायथ्यापासूनच इको मोड टाकायचा, गाडी बसल्यावर नाही.

दुसरं, चार्जिंगची वेळ बदलली. टक्के जास्त म्हणजे V_rest जास्त. ७० टक्क्यांना हा पॅक ५४ व्होल्टच्या जवळ उभा असतो, मग तेवढ्याच ११५ मिलिओहमवर ३ किलोवॅट ओढले तरी ४६ च्या वर राहतो. म्हणजे जुन्या पॅकला घाटासाठी लागणारे टक्के हे अंतराचे टक्के नाहीत, त्याला व्होल्टेजची उंची पाहिजे. शनिवारी रात्री टायमरवर लावून पहाटे निघायच्या थोडं आधी चार्जिंग संपेल असं केलं, त्यानं पॅक थोडा कोमट पण राहतो. गाडी बोळातनं आत घेतली, तेवढ्यानं पण पाच-सहा डिग्रीचा फरक पडतो. सपाटीला चालवून पॅक गरम होईल अशी आशा मात्र धरू नका, १५-२० अँपिअरला आत तीस-चाळीस वॅटच उष्णता होते आणि वारा ती घेऊन जातो. घाटात ४५ अँपिअरला दोनशे वॅटच्या वर होते, त्यामुळं चढ हळू सुरू केला तर पॅक मिनिटाला साधारण एक डिग्रीनं गरम होत जातो आणि वरच्या वळणांना खालच्यापेक्षा बरा चालतो.

एक काम अजिबात करून घेऊ नका. कटऑफ ४२ वरनं ३८-३९ ला आणून देणारे लोक आहेत, गाडी त्या दिवशी चढते पण. पण ३९ व्होल्टला सरासरी सेल २.८ च्या खाली असतो आणि सगळ्यात कमजोर ग्रुप त्याच्याही खाली, आणि कमी चार्जला सेल तिथनं धाडकन कोसळतो. असं वारंवार झालं की अ‍ॅनोडचं तांबं विरघळायला लागतं, मग चार्ज करताना तेच तांबं आत नको तिथं साचतं आणि शॉर्टचा धोका तयार होतो. कटऑफ ही सेलची मर्यादा आहे, ती सरकवून सेल बदलत नाही.

बदलायची वेळ कधी, तर मी रेझिस्टन्स नव्याच्या दुप्पट झाला की मालकाला सांगून ठेवतो, तुलना २५-३० डिग्रीलाच करायची, थंडीतला आकडा घेऊन नाही. या पॅकचे ७५ म्हणजे नव्याच्या १.७ पट, गावातल्या वापराला अजून पुष्कळ चालेल, जोतिबाला ४५ अँपिअरवर जाईल. गरम हवेत ९० झाले की थंडीतले १४० च्या आसपास धरा, मग ३५ टक्क्यांवर मिळतात ५४ अँपिअर, ४५ ची मर्यादा घातली तरी हातात फार काही उरत नाही आणि टक्के जरा कमी असले की परत तीच कथा. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकदा मे मध्ये आणि एकदा डिसेंबरात, तोच चढ, तेच टक्के, तोच करंट धरून व्होल्टेज लिहून ठेवा, तापमान शेजारी लिहायला विसरू नका.